‘चार हप्त्यांत ८२ ग्रॅम’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न: मी जळगावात एका छोट्या प्रकाशनाकडे मुद्रितशोधन आणि थोडंफार संपादन करते. एम. ए. मराठी आहे, शेतीतलं फारसं कळत नाही. सध्या रावेरकडच्या एका ज्येष्ठ केळी उत्पादकाचं पुस्तक हातात आहे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यात एक वाक्य आहे: ‘लागवडीनंतर चार हप्त्यांत प्रत्येक झाडाला ८२ ग्रॅम युरिया द्यावा.’ ८२ ग्रॅम चार वेळा, की ८२ ग्रॅमचेच चार भाग, ते कळेना. मी ‘८२ ग्रॅम युरिया चार समान हप्त्यांत विभागून द्यावा’ असं करून ठेवलंय. वाचायला ते बरं वाटतं. अशा आणखी तीसेक जागा आहेत. आप्पांना विचारलं तर ‘एवढंही कळत नाही का’ असं त्यांना वाटेल. आणि आमचे मालक म्हणतात, लेखकाला सारखा त्रास देऊ नका, तुम्हाला कशाला ठेवलंय? विचारू, की माझ्या बुद्धीने निस्तरू?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर: आधी ते वाक्य होतं तसं परत करून ठेवा. मग पुढे वाचा.

घाई एवढ्यासाठी की तुमच्या हातून आता जे झालंय ते मूळ वाक्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आप्पांचं वाक्य खडबडीत होतं. पुस्तक घेऊन बांधावर उभा राहिलेला शेतकरी तिथे अडखळला असता, शेजाऱ्याला विचारलं असतं, नाहीतर खताच्या दुकानात विचारलं असतं. तुमचं वाक्य गुळगुळीत आहे. तिथे कोणी अडखळणार नाही, तो सरळ मापट्याने युरिया मोजायला घेईल. अंदाजाने केलेली दुरुस्ती बरोबर निघो की चूक, ती शंकेची खूण पुसून टाकते. पुढे प्रूफ वाचणारा, मालक, कदाचित आप्पाही त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जातील, कारण तिथे खटकायला काही उरलेलंच नाही.

आता जरा हिशेब करू, म्हणजे पणाला काय लागलंय ते दिसेल. कृषी विद्यापीठाची नेहमीची शिफारस केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्राची आहे. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणजे पूर्ण पिकाला झाडामागे साधारण ४३५ ग्रॅम युरिया लागतो. तो एकदम टाकत नाहीत. लागवडीपासून तीस दिवसांच्या आत ८२ ग्रॅम, मग ७५, १२० आणि १६५ दिवसांनी पुन्हा ८२-८२, आणि नंतर २१०, २५५ आणि ३०० दिवसांनी ३६-३६ ग्रॅम. बेरीज करून पाहा, ४३६ येते. तुमच्या दुरुस्तीप्रमाणे झाडाला दर खेपेला जेमतेम वीस ग्रॅम पडतील आणि चार खेपा मिळून ८२. जिथे साडेपाच महिन्यांत ३२८ ग्रॅम पडायला हवेत, तिथे त्याचा चौथा हिस्सा. पानं फिकट पिवळसर पडणार, नवीन पान उशिरा येणार, खोड बारीक राहणार, आणि घड निसवेल तेव्हा फण्या कमी भरतील. तेव्हा कोणी पुस्तकातल्या त्या ओळीला दोष देणार नाही. पाणी कमी पडलं असेल, रोपंच खराब असतील, असंच म्हणतील.

‘मग बरोबर उत्तर तुम्हीच दिलंत की, दर खेपेला ८२. लिहून टाकते,’ असं तुमच्या मनात आलं असेल. थांबा. तो माझा अंदाज झाला, तुमच्यापेक्षा थोडा शिकलेला, इतकंच. आप्पा ठिबकमधून खत सोडत असतील तर त्यांचं वेळापत्रक वेगळं असेल. आणि मुख्य म्हणजे त्या वाक्याचा एक तिसरा अर्थ आहे, जो तुम्हाला दिसलाच नाही.

हप्ता म्हणजे काय?

तुमच्या माझ्या मनात पहिल्यांदा येतो तो कर्जाचा हप्ता, विभागून द्यायचा भाग. पण रावेरहून बऱ्हाणपूर किती लांब? त्या पट्ट्यात हिंदीची ये-जा घरातून चालते, आणि ‘हप्ता’ म्हणजे आठवडा हा अर्थ तिथल्या माणसाच्या तोंडी सहज बसलेला असतो. ‘दोन हप्त्यांनी येतो’ म्हणणारा माणूस पैशांबद्दल बोलत नसतो. आता आप्पांचं वाक्य पुन्हा वाचा. लागवडीनंतर चार आठवड्यांत झाडाला ८२ ग्रॅम युरिया द्यावा. म्हणजे तीस दिवसांच्या आतली पहिली मात्रा! हा अर्थही शिफारशीशी चपखल बसतो. आणि चार वेळा ८२ हाही बसतो. म्हणजे आकडेमोडीने एक अर्थ बाद करता आला, उरलेल्या दोनांतला कोणता हे आकडेमोड सांगू शकत नाही. ते फक्त आप्पा सांगू शकतात.

म्हणून विचारायचंच. पण कसं विचारायचं यात खरी मेख आहे, आणि इथे भलेभले संपादक चुकतात.

‘पान ३४ वरचं वाक्य अस्पष्ट आहे, कृपया स्पष्ट करावे’ असं लिहून पाठवलंत तर उत्तर मला आत्ताच माहीत आहे: ‘बरोबर आहे, तसंच ठेवा.’ आप्पांना ते वाक्य अस्पष्ट वाटतच नाही. त्यांच्या डोक्यात अर्थ आधीपासून बसलेला आहे, त्यामुळे दुसरा अर्थ त्यांना दिसणंच शक्य नाही. लेखकाला ‘स्पष्ट करा’ म्हणणं म्हणजे त्याच्या घरात उभं राहून ‘तुमचं घर कुठे आहे’ विचारणं. तुम्हाला कुठे अडलं ते दाखवावं लागतं.

दुसरी चूक आपल्याकडे फार होते, कारण ती आदरातून येते. ‘आप्पा, ८२ ग्रॅम दर हप्त्याला ना?’ त्या ‘ना’पाशी सगळा घोटाळा होतो. समोरचा माणूस कामात असतो, मजूर बोलावत असतात, घड उतरवायचा ट्रक उभा असतो. तो ‘हो हो’ म्हणून फोन ठेवतो. तुम्ही विचारल्याचं समाधान मिळवलंत, पण अंदाज तुमचाच राहिला. फक्त आता त्यावर आप्पांचा शिक्का आहे.

मग ‘दर हप्त्याला, की सगळे हप्ते मिळून?’ असं विचारलं तर? हे पहिल्या दोन्हींपेक्षा चांगलं आहे. पण ज्या शब्दात गोंधळ आहे तोच शब्द तुम्ही प्रश्नात वापरलात. आप्पांच्या मनात हप्ता म्हणजे आठवडा असेल तर ते ‘सगळे मिळून’ म्हणतील, म्हणजे चार आठवडे मिळून ८२, आणि तुम्ही खुशाल ‘चार भागांत विभागून’ छापाल. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, लेखक खरं बोलला, आणि पुस्तक चुकलं. हे मला सगळ्यात भीतिदायक वाटतं.

म्हणून शंका लिहिताना तो संशयित शब्द बाजूला ठेवायचा आणि शेतात जे प्रत्यक्ष घडतं ते विचारायचं. मी असते तर एवढंच लिहिलं असतं:

‘आप्पा, पान ३४, ओळ ६, युरियाचं वाक्य. लागवडीपासून पहिल्या महिन्यात एका झाडाला एकूण किती ग्रॅम युरिया पडतो? त्यानंतरचा युरिया किती दिवसांनी आणि किती?’

बस. चार ओळीही नाहीत. यात ‘हप्ता’ नाही, ‘अस्पष्ट’ नाही, ‘चूक’ नाही, ‘हो’ म्हणून सुटायला जागा नाही. उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं आणि आप्पांना ते झोपेतही देता येईल. ‘८२, पुढचा अडीच महिन्यांनी पुन्हा ८२’ असं आलं तर चित्र उघड आहे. ‘दर आठवड्याला ठिबकमधून थोडा थोडा’ असं आलं तर तेही उघड आहे, आणि ती शक्यता तुमच्या दुरुस्तीत धरलेलीच नव्हती. पान आणि ओळ मात्र न चुकता लिहा. आप्पांच्या वहीचे आणि तुमच्या टाइप केलेल्या प्रतीचे पान क्रमांक वेगळे असतील, तर वाक्याचे पहिले चार शब्दही द्या.

उत्तर मिळाल्यावर छापायचं वाक्यही त्या शब्दातून सोडवा. ‘हप्ता’ ठेवूच नका, जे दिवस आप्पा सांगतील ते लिहा. नाहीतर तुमची शंका फिटेल आणि वाचकाची तशीच राहील.

माझी एक जुनी गोष्ट सांगते, कारण उपदेश करणाऱ्यानेही कधीतरी माती खाल्लेली असते. धुळ्यात असताना साक्री तालुक्यातल्या एका आजींच्या आठवणींची वही माझ्याकडे आली. घरगुती पुस्तक, पाचशे प्रती. मजकूर अर्धा मराठी, अर्धा अहिराणी. एका ओळीत लग्नाचं वर्णन होतं, आणि शब्द ‘आंडोर’ होता की ‘आंडेर’, ते शाई फिकी पडल्यामुळे दिसेना. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. फरक एका कान्याचा. पुढच्या वाक्यात ‘वऱ्हाड धरणगावले गयं’ होतं. मी म्हटलं, वऱ्हाड इथून गेलं म्हणजे मुलाचंच लग्न. काना दिला आणि पुढे गेले. आजींच्या घरी फोन होता, नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता, आणि मी तो फिरवला नाही, कारण मला खात्री होती. प्रत्यक्षात ते लग्न त्यांच्या मुलीचं होतं आणि ते मुलाकडच्या गावी लागलं होतं, मुलीकडची सगळी मंडळी तिकडे गेली होती. पुस्तक हातात पडल्यावर त्या मुलीने, आता स्वतः आजी झालेल्या, आपलं लग्न भावाच्या नावावर वाचलं. मी पाचशे प्रतींत कागदाची पट्टी चिकटवत बसले. दोन संध्याकाळी गेल्या. फोनला दोन मिनिटं लागली असती.

तेव्हापासून मी एक खूण पाळते. मला जी दुरुस्ती सुचली ती ‘नक्कीच असंच असणार’ अशा चालीत आली, आणि बदललेला शब्द मला मूळ शब्दापेक्षा जास्त ओळखीचा असला, तर मी हात थांबवते. तुमच्या आप्पांच्याच विषयातलं उदाहरण घ्या. केळीत ‘मृगबाग’ आणि ‘कांदेबाग’ असे दोन लागवडीचे हंगाम आहेत. मृगबाग जून-जुलैतली, कांदेबाग पावसाळा सरतानाची, ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली. दोन्ही केळीच्याच बागा. पण निफाड-लासलगावकडून आलेल्या कोणा मुद्रितशोधकाला ‘कांदेबागेची केळी’ दिसली, तर तो ‘कांद्याच्या मळ्यातील केळी’ असं करून मोकळा होईल, आणि त्याला आपण काही ‘अंदाज’ केला असं वाटणारही नाही. शंका आली तर माणूस विचारेल तरी. शंकाच न येणं ही वेगळी अडचण आहे, आणि तिच्यावर एवढाच इलाज मला माहीत आहे: बदल करताना स्वतःला विचारायचं, मूळ शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता का? नसेल तर तो बदल करायचा नाही, शंकांच्या यादीत टाकायचा.

आता त्या तीस जागा. तीस शंका मुळीच पाठवू नका, तिथे तुमच्या मालकांचं बरोबर आहे. बसून त्या चाळा. काही जागी नुसती विभक्ती चुकलेली असेल, कर्ता-क्रियापद जुळत नसेल, पण अर्थ एकच निघत असेल. त्या तुम्ही दुरुस्त करा, त्यासाठीच तुमचं एम. ए. आहे. काहींचं उत्तर पुस्तकातच दुसऱ्या पानावर असेल. खतांचा एखादा तक्ता पुढे असेल तर युरियाची शंकाही तिथेच सुटेल, म्हणून आधी पूर्ण हस्तलिखित वाचून काढा. काही शब्दकोशात किंवा शेजारच्या केळीवाल्याकडे मिळतील. ‘पील’, ‘निसवण’ असल्या शब्दांसाठी आप्पांना उठवायची गरज नाही. आणि शेजाऱ्याला शब्दाचा अर्थ विचारा, आप्पांच्या मनातला अर्थ नको. तो त्यालाही अंदाजच करावा लागेल. एवढं झाल्यावर ज्या जागी दोन अर्थ निघतात आणि अर्थ बदलला तर वाचकाची कृती बदलते, तेवढ्या उरतील. माझा अनुभव असा की तिसांच्या सात-आठ होतात.

त्या सात-आठ एकत्र पाठवा, मजकूर पानांत लावायला डीटीपीवाल्याकडे जाण्याच्या आधी. नंतर एका वाक्याची दोन वाक्यं झाली तर ओळी सरकतात, आकृत्या पुढच्या पानावर जातात, आणि मग मालक ‘त्रास’ म्हणतात तो खरोखरच होतो. मालकांना सांगताना ‘मला कळत नाही’ म्हणू नका. ‘या सात जागी वाचक चुकीचं खत टाकेल’ म्हणा, आणि युरियाचा हिशेब दाखवा. केळीच्या मुलखातला प्रकाशक आहे, वीस ग्रॅम आणि ऐंशी ग्रॅम यांतला फरक त्याला समजावून सांगावा लागणार नाही.

आप्पांना काय वाटेल, याची तुम्हाला जास्त चिंता दिसते. मला वाटतं इथे तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: न विचारणारा संपादक हुशार दिसतो. लेखकाच्या बाजूने पाहा. चाळीस वर्षं ज्याने बाग केली त्याला तुम्ही विचारता की पहिल्या महिन्यात झाडाला किती युरिया पडतो. हा अज्ञानाचा प्रश्न नाही, हा त्याच्या आवडीच्या विषयावरचा प्रश्न आहे. अडचण उत्तर मिळवण्याची होणार नाही, फोन ठेवण्याची होईल. मात्र ‘तुमचं वाक्य चुकलंय’ असं म्हटलंत तर तेच आप्पा दुखावतील, आणि ते योग्यच आहे, कारण वाक्य चुकलेलं नाहीच. त्यांच्या गावात ते स्वच्छ समजतं. ‘आप्पा, धुळे-नंदुरबारकडचा नवा माणूस हे वाचेल तेव्हा त्याला दोन अर्थ लागतील, म्हणून विचारते,’ असं म्हणा. तेच खरं कारण आहे.

त्यांच्या वयाचा माणूस लेखी उत्तर देत बसणार नाही, फोनवरच बोलेल. चालेल. प्रश्न मात्र आधी कागदावर लिहून घ्या आणि तोच वाचून दाखवा, नाहीतर बोलता बोलता ‘ना’ घुसतोच. उत्तर मिळालं की ‘म्हणजे मी असं लिहिते’ म्हणून नवीन वाक्य पूर्ण वाचा. मग तेच वाक्य तारखेसह त्यांना व्हॉट्सअॅपवर टाका, घरातल्या कोणा नातवाच्या नंबरवर का होईना. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ‘हे कोणी बदललं’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल.

आणि उत्तर आलंच नाही तर? आप्पा आजारी असतील, फोन लागत नसेल, छपाईची तारीख डोक्यावर असेल. अशा वेळी वाक्य मूळ स्वरूपात ठेवा आणि मालकांना लेखी सांगा की या जागी मात्रा नक्की नाही. खतं-औषधांच्या मात्रेचं वाक्य असेल तर ते गाळून ‘मात्रेसाठी कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा’ असं टाकायचं का, हा निर्णय मालकांनी घ्यावा. तुम्ही नाही, आणि मीही नाही. आठवणी, कविता असं काही असेल तर मूळ तसंच छापून खाली तळटीप द्यायची: हस्तलिखितात शब्द स्पष्ट नाही. वाचकाला ते कमीपणाचं वाटत नाही. माझ्या त्या आजींच्या वहीत मी एवढंच केलं असतं तर पट्ट्या चिकटवाव्या लागल्या नसत्या.

सोमवारी सकाळी लवकर फोन करा, नऊच्या आत. नंतर आप्पा बागेत गेले की संध्याकाळपर्यंत सापडायचे नाहीत. आणि त्यांचं उत्तर मलाही कळवा. हा हप्ता आठवड्याचा की खताचा, ते मला अजूनही माहीत नाही.